ताप नसलेलं कपाळ

सोनपेठच्या त्या गल्लीत नकार कुणी स्वतःच्या तोंडानं देत नाही. मुलगा पसंत नसला की पत्रिका जुळत नाही. कुणाच्या लग्नाला जायचं नसलं की लांबचं सुतक निघतं. कुणाच्या मंडळात नाव घालायचं नसलं की कंबर धरते. ‘नाही’ हा शब्द दुखण्याच्या, ग्रहांच्या नाहीतर मेलेल्यांच्या तोंडून वदवून घ्यायचा, ही तिथली रीत. ऐकणाऱ्यालाही ते कळतं. तो मान हलवतो, ‘असू द्या, असू द्या’ म्हणतो, आणि दोघांचंही भागतं.

रुद्राणी याच गल्लीत वाढली. वडिलांचं बाजारपेठेत कापडाचं छोटं दुकान. थोरला भाऊ रुद्रेश बँकेत कृषी अधिकारी. विधवा आत्या, चन्नबसम्मा, घर सांभाळणारी. आई नव्हती. रुद्राणीनं परभणीच्या कृषी विद्यापीठातून बीजशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बिया मांडायच्या, गुंडाळी उबेत ठेवायची आणि ठरल्या दिवशी उलगडून बघायचं, कोण उगवलं आणि कोण नाही. हे काम तिला मनापासून आवडायचं. वरून टपोरं, चकचकीत दिसणारं बी आतून कधीच मेलेलं असू शकतं, हे तिला शिकवावं लागलं नाही. ते ती घरातूनच शिकून गेली होती.

त्या दुपारी हैदराबादेहून फोन आला तेव्हा ती ओसरीत बसून तूर निवडत होती. तिथल्या एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेसाठी तिनं हिवाळ्यात मुलाखत दिली होती आणि मग आशा सोडली होती. फोनवरची बाई म्हणाली, निवड झाली आहे, उगवणशक्ती तपासणीच्या विभागात, येणार का? रुद्राणी हो म्हणाली. फोन ठेवला आणि निवडलेली तूर चुकून पुन्हा न निवडलेल्या तुरीत ओतली.

कारण आठवड्यापूर्वीच तिनं दुसरीकडे हो म्हटलं होतं. जालन्याकडच्या एका बियाणं कंपनीला जिंतूर तालुक्यासाठी क्षेत्र अधिकारी हवा होता. दुकानं फिरायची, शेतकऱ्यांच्या बैठका घ्यायच्या, सोयाबीनचं बियाणं खपवायचं. ती नोकरी परभणीच्या सुमंगलाताईंनी मिळवून दिली होती. शेतकी शिकलेल्या पोरांना कंपन्यांशी जोडून देणाऱ्या सुमंगलाताई. ‘येते, ताई,’ असं रुद्राणी त्यांना फोनवर म्हणाली होती. कंपनीचं पत्र आलं होतं, फक्त सही करून परत पाठवायचं राहिलं होतं. महिन्याच्या एक तारखेला रुजू व्हायचं होतं.

‘मग त्यात काय एवढं?’ आत्या म्हणाली. ‘घरी दुखणं हाय म्हणून सांग.’

‘कुणाचं दुखणं, आत्या?’

‘माझं सांग की! माझे गुडघे काय खोटे हायत का? जिना चढताना बघ एकदा. ऑपरेशन सांगितलंय म्हण, आत्याला सोडून जाता येत न्हाई म्हण. लागलंच तर मी पडते चार दिवस. एवी तेवी पडायचंच हाय.’

आत्या हसली. रुद्राणीला हसू आलं नाही. मधल्या दाराशी रुद्रेश उभा होता. बँकेतून जेवायला आला होता, हात धुऊन टॉवेल शोधत होता. त्याच्या बोटांतून पाणी गळत होतं.

‘कुणी पडायचं न्हाई,’ तो म्हणाला.

एवढंच. मग तो न जेवता निघून गेला. आत्यानं ताटावर ताट झाकलं आणि पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. त्या घरात कितीतरी दिवसांत रुद्रेश एवढ्या मोठ्यानं बोलला नव्हता.

मधल्या खोलीत लाकडी पेटीवर आईची वाकळ घडी घालून ठेवलेली असे. जुन्या लुगड्यांची, निळसर, कडेला लाल दोरा. ती कुणी वापरत नसे आणि कुणी काढूनही टाकत नसे. भर दुपारी, उजेड खिडकीतून तिरपा आत आला की त्या घडीचा वरचा भाग किंचित फुगलेला वाटे, आत कुणी गुडघे दुमडून, कुशीवर, तोंड भिंतीकडे करून निजल्यासारखा. रुद्राणी त्या वेळी त्या खोलीत जायचं टाळायची. रुद्रेश तर रस्ताच बदलायचा. मागल्या अंगणातून वळसा घालून स्वयंपाकघरात यायचा.

ती गोष्ट रुद्राणी अकरावीत होती तेव्हाची. रुद्रेश नुकता पदवी घेऊन आला होता. सुमंगलाताईंनी त्यालाही नांदेडला पिकांवरची औषधं विकणाऱ्या एका कंपनीत लावलं होतं, तोही हो म्हणाला होता, आणि त्यालाही मग बँकेतून बोलावणं आलं. ‘नाही’ कसं म्हणायचं ते त्याला येईना. गल्लीत जन्मलेला पोरगा तो. त्यानं रुजू व्हायच्या आदल्या दिवशी मोबाइलवरून संदेश टाकला: आई सीरियस आहे, दवाखान्यात आहे, माफ करा. आणि फोन बंद केला.

पण आजारी माणसाला भेटायला जायचं, हीही तिथलीच रीत. दोन रीती एकमेकींना आडव्या येतील, हे रुद्रेशच्या ध्यानातच आलं नाही. दोन दिवसांनी, भर दुपारी, सुमंगलाताई एसटीनं सोनपेठला आल्या. हातात मोसंब्यांची पिशवी. पत्ता विचारत विचारत दारात येऊन उभ्या राहिल्या. आई अंगणात बाजेवर मिरच्या वाळत घालत होती. कपाळावर सकाळच्या पूजेची विभूती, पदर खोचलेला, हात लाल.

‘रुद्रेशच्या आई कुठल्या दवाखान्यात आहेत?’ सुमंगलाताईंनी तिलाच विचारलं.

आईनं एकदा त्यांच्या पिशवीकडं बघितलं, एकदा मधल्या दाराशी पांढऱ्या पडलेल्या पोराकडं. बस्स. रुद्राणीला तो क्षण अजून दिसायचा. कुणीतरी एका हातानं पेलावा एवढाच लहान क्षण, आणि आईनं तो पेलला.

‘मीच ती. कालच घरी सोडलं, बाई,’ ती म्हणाली. पदर डोक्यावर ओढला, मिरच्या तशाच टाकल्या, भिंतीला धरत आत गेली आणि वाकळ अंगावर घेऊन पडली. उन्हाळ्याच्या तोंडावरचे दिवस, भर दुपार. सुमंगलाताई उशाशी बसल्या. त्यांनी आईच्या कपाळावर तळवा ठेवला आणि खूप वेळ तिथंच राहू दिला. दोघी हळू काहीतरी बोलल्या. दारापाशी उभ्या रुद्रेशला आणि त्याच्या मागं उभ्या रुद्राणीला काही ऐकू आलं नाही. मग सुमंगलाताई उठल्या. ‘ताप उतरलाय,’ म्हणाल्या, आणि गेल्या. त्यांच्या तळव्याला विभूती लागली होती. आईच्या कपाळावरचे पट्टे मधोमध पुसले गेले होते.

‘ऊठ की आता, आई,’ रुद्राणी म्हणाली.

‘असू दे. एकदा पडले ना. आता लगेच उठलं तर गल्लीतलं कुणी बघंल.’

ती दिवेलागणीपर्यंत पडून राहिली. पुसलेली विभूती तिनं त्या दिवशी पुन्हा लावली नाही.

दिवाळीनंतर तिला खरा ताप आला. आधी सोनपेठ, मग परभणी, मग नांदेड. संक्रांतीच्या आतच ती गेली. त्यांच्या रिवाजाप्रमाणे तिला बसवूनच मातीत ठेवलं, मांडी घालून, ताठ. खड्ड्याच्या काठाशी रुद्रेश एकच वाक्य बोलला, ‘आता बसलीय, बघ.’ त्यानंतर तो घरात लागेल तेवढंच बोलू लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, ते दुखणं आधीपासून आत असणार असंही सांगितलं होतं. पण रुद्रेशनं दुखणं आणलं ते मोबाइलवरून, आपल्या हातानं टाइप करून, असं त्याच्या मनानं घेतलं होतं, आणि मनानं घेतलेलं डॉक्टरला काढता येत नाही. सुमंगलाताईंना आई गेल्याचं कुणी कळवलं नाही. कळवणार कसं? आधी जिला खोटं आजारी पाडलं, ती खरंच गेली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

पुढं विद्यापीठात सुमंगलाताई पोरांशी बोलायला आल्या, रुद्राणीचा अर्ज हातात घेऊन त्यांनी आडनाव वाचलं आणि एवढंच विचारलं, ‘सोनपेठच्या का?’ रुद्राणी हो म्हणाली. त्यांनी अर्ज ढिगात सगळ्यात वर ठेवला. ती ओळख होती की न ओळखणं, हे रुद्राणीला आजवर कळलं नव्हतं.

आता तिच्यापुढं सरळ प्रश्न होता. त्याच बाईला, त्याच घरातून, दुसऱ्यांदा नकार जाणार होता. या वेळी खोटं बोललं तर सोनपेठच्या पोरीसाठी ती बाई पुन्हा फोन उचलणार नव्हती. आणि त्याहून मोठी भीती रुद्राणीला दुसरीच होती. त्या घरात जे खोटं दुखणं बोललं जातं, ते वाकळीत शिरून खरं होतं.

तिनं एक दिवस थांबून घेतलं, आणि ते थांबणं भित्रं नव्हतं. नुसत्या फोनवरच्या ‘या’ला भुलून हातातलं सोडायचं नाही. तिनं हैदराबादला मेल लिहून पत्र मागवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आलं. पद, पगार, रुजू व्हायची तारीख, सगळं तिनं नीट वाचलं आणि होकार लेखी कळवला. मग वर्गमैत्रीण अपेक्षाला फोन केला. जिंतूरच्याच मुलाखतीत अपेक्षाही होती, ती अजून रिकामी होती.

‘तुला ती नोकरी चालंल का गं? मिळवून देते असं म्हणत न्हाई. तुझं नाव सुचवू का, एवढंच विचारायलेय.’

‘अगं, माझं घरच जिंतुरात हाय! तू वेडी हैस का, विचारायलीस काय?’

मग तिनं सुमंगलाताईंना फोन लावला. संदेश टाकला नाही. ‘ताई, त्या नोकरीबद्दल महत्त्वाचं बोलायचंय. आज भेटू का?’ ‘ये,’ सुमंगलाताई म्हणाल्या. त्या एका शब्दावरून वाटलं, त्यांना सगळं कळलं असावं.

परभणीला जिंतूर रोडवर, खतं-बियाण्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. एक टेबल, एक संगणक, खालून जिन्यातून वर येणारा औषधांचा उग्र वास. सुमंगलाताईंचे केस आता पांढरे झाले होते. त्यांनी चहा सांगितला आणि चष्मा काढून ठेवला.

रुद्राणीनं चहा यायची वाट बघितली नाही. ‘ताई, मी जिंतूरची नोकरी घेऊ शकत नाही. हैदराबादला प्रयोगशाळेत निवड झालीय. मी जे शिकले तेच काम आहे. तुम्हाला हो म्हटलं होतं आणि आता मागं फिरतेय, त्याची माफी मागायला आलेय.’

सुमंगलाताईंनी टेबलावरचा चष्मा बाजूला सरकवला.

‘पत्र हातात आलं? का नुसत्या फोनवर सोडायलीस?’

‘आलं. आज सकाळी.’

‘पगाराचा प्रश्न असंल तर सांग. मी त्यांच्याशी बोलून बघते, थोडं वाढवतील.’

‘नको, ताई. वाढवून दिला तरी मी येणार नाही. उगाच तुमचा शब्द खर्ची पडायचा.’

‘सोनपेठच्या गाडीला ब्रेक लागतो, पण उशिरा, उताराला लागल्यावर,’ सुमंगलाताई कडवट हसल्या. ‘त्यांनी बाकीच्यांना थांबवून ठेवलंय तुझ्यासाठी. पोर तिथं रुजू होऊन तीन महिने टिकलं तर कुठं आमचं काम झालं म्हणायचं. तू तर उंबऱ्यातूनच परत.’

रुद्राणीनं मान खाली घातली नाही. ‘म्हणूनच आज आले. सही केलेली नाही, तारखेला अजून अवकाश आहे. त्या मुलाखतीत अपेक्षा होती, ती अजून मोकळी आहे, तिला विचारूनच नाव सांगतेय. पुढचं तुम्ही आणि कंपनी ठरवा.’

चहा आला. पोऱ्या कप ठेवून गेला. सुमंगलाताईंनी बशीत चहा ओतला, प्यायला नाही. मग अगदी सहज, कप फिरवत, त्यांनी विचारलं, ‘घरी सगळे बरे हायत ना?’

हा प्रश्न रीतीचा होता, आणि रीतीतूनच पळवाटही होती. आत्याचे गुडघे, वडिलांचा रक्तदाब. एक शब्द पुरला असता आणि सुमंगलाताईंनी तो घेतला असता.

‘सगळे बरे आहेत,’ ती म्हणाली. ‘आई नाही. तुम्ही येऊन गेलात त्याच वर्षी गेली. तुम्हाला कळवलं नाही आम्ही.’

सुमंगलाताईंनी उजवा हात टेबलावर उलटा ठेवला आणि स्वतःच्या तळव्याकडं बघत राहिल्या, जणू तिथं अजून काही पांढरं लागलेलं होतं. खाली रस्त्यावर एक ऑटो भोंगा वाजवत थांबला, पुन्हा सुरू झाला.

‘मी त्या दिवशी भांडायला आले होते,’ त्या म्हणाल्या. ‘मोसंब्या घेतल्या त्या नुसत्या दाखवायला. संदेश वाचूनच मला वाटलं होतं, खोटं हाय. म्हणलं, जाऊन उघडंच पाडायचं पोराला. कपाळाला हात लावला तर ताप न्हाईच. गार. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुझ्या आईनं माझं मनगट धरलं. हळूच म्हणाली, “बाई, मला काई झालं न्हाई. पोराला दुसरीकडं लागलंय. त्याचं तोंड झालं न्हाई सांगायचं. मी सांगते त्याच्या वतीनं, त्याला न्हाई यायचं. तुमी राग धरू नका.”’

‘आईनं सांगितलं?’

‘तिनंच. तुमच्या घरातला पहिला खरा नकार तिचा. आज तुझा दुसरा.’

रुद्राणी खुर्चीत पुढं सरकली. ‘मग ती पडून का राहिली? तुम्हाला तर कळलं होतं.’

‘दारात पोरगा उभा होता ना. आपलं खोटं उघडं पडलं, हे त्याला कळू द्यायचं नव्हतं तिला. मला म्हणाली, “तुमी जाताना ताप उतरला म्हणा.” म्हणलं मी.’ त्यांनी तळवा मिटला. ‘पण इतकं गार कपाळ मी कधी बघितलं न्हाई, पोरी. एसटीत परत जाताना हात पदरात धरून बसले होते. कशाला ते मला कळंना. आज कळायलंय.’

थोड्या वेळानं त्यांनी चष्मा लावला. कामाच्या माणसाला काम सावरतं. ‘आधी मी कंपनीला फोन करते, मग तू मेल टाक. त्यांना मेलमधून पहिल्यांदा कळायला नको. चार ओळी बास. आभार, नकार, कारण एका वाक्यात. पगाराची तुलना न्हाई, की त्यांच्या कामाला नावं न्हाईत. मलाही जोड त्यात. आणि हैदराबादची कंपनी कुठली ते रुजू होईपर्यंत कुणाला सांगू नको. मलाही नको.’

त्यांनी तिच्यासमोरच फोन लावला. ‘सर, उमेदवार येऊ शकत नाही. हो. नाही, स्वतः येऊन सांगितलंय. दुसरं नाव आहे माझ्याकडं, त्याच यादीतलं.’ पलीकडचा आवाज चढला, उतरला. ‘अपेक्षाला उद्या बोलवायलेत,’ फोन ठेवून त्या म्हणाल्या. ‘घेतीलच असं न्हाई.’

रुद्राणीनं तिथंच बसून मोबाइलवर मेल लिहिला. पाठवण्याआधी दाखवला. त्यांनी एक ‘अत्यंत’ खोडायला लावला.

‘हैदराबादला गेलीस की फोन कर. आमच्या पोरांना लावायला एक माणूस झालं तिकडं,’ त्या म्हणाल्या. मग दाराशी, चपला घालताना: ‘रविवारी घरी येते. भेटायला.’

घरी परतून रुद्राणीनं रुद्रेशला सगळं सांगितलं. तो अंगणात, मिरच्या वाळत घालायच्या त्या जागेशी उभा होता. ऐकताना त्यानं एकदाही तिच्याकडं बघितलं नाही. शेवटी विचारलं, ‘म्हणजे त्या बाईला ठाऊक होतं. आईला ठाऊक होतं, की तिला ठाऊक हाय.’

‘हो.’

‘मग ती संध्याकाळपर्यंत कुणासाठी पडली होती?’

उत्तर त्याला माहीत होतं. एवढी वर्षं त्याला वाटत होतं, आपण आईला आजारी पाडलं. आता कळलं की ती आपल्यासाठी पडली होती, आपल्या एकट्यासाठी. ते काही हलकं नव्हतं. फक्त त्याचं वजन निराळं होतं.

रविवारी भर दुपारी, त्याच एसटीच्या वेळेला, आत्यानं दार उघडं ठेवलं. ‘मी बसते पुढं,’ ती म्हणाली. ‘तू न्हाई, आत्या,’ रुद्रेश म्हणाला आणि उंबऱ्याशी जाऊन उभा राहिला. मधल्या खोलीतून जाऊन. वळसा न घालता.

गल्लीच्या तोंडाशी सुमंगलाताई दिसल्या. या वेळी हातात पिशवी नव्हती. आजाऱ्याला फळं न्यायची असतात, गेलेल्या माणसाच्या घरी काय न्यायचं? उन्हात त्यांची सावली पायाशी गोळा झाली होती. रुद्राणीनं मागं वळून बघितलं. पेटीवरची वाकळ खिडकीतल्या उजेडात तशीच, कुशीवर निजल्यासारखी. आज तिचं तोंड दाराकडं होतं, असं तिला वाटलं.

‘ताई,’ रुद्रेश म्हणाला. ‘मला तेव्हा यायचं नव्हतं. दुसरीकडं लागलं होतं. आई आजारी नव्हती.’

‘माहीत आहे, बाळा.’

‘मग झाली.’

‘तेही कळलं.’

तो वाकला, पाया पडायला. सुमंगलाताईंचा हात त्याच्या डोक्यावर जायला निघाला होता, पण तो उठला आणि हात कपाळावर आला. त्यांनी तो काढला नाही. बराच वेळ काढला नाही. रुद्राणी मागं उभी होती, तेव्हासारखीच, आणि या वेळीही तिला त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. ताप आहे की नाही, ते सुमंगलाताई बोलल्या नाहीत.